आजीचा गुडघा आज रात्रीच बघा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं. त्याआधीच्या पंधरवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात गुडघ्यांची गर्दी वाढते. दिंडीत नाव घातलेल्या बाया येतात, “पंढरपूरपर्यंत पुरंल असं कायतरी द्या” म्हणतात, पट्टा मागतात, सुई मागतात. या येणाऱ्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. जी येत नाही, घरात कुणाला गुडघा दाखवत नाही आणि “आता बरा हाय” म्हणत पिशवी भरायला घेते, तिच्यासाठी हे आवाहन आहे. खरं तर तिच्या घरच्यांसाठी. तिच्या हाती हे पडणार नाही, आणि कुणी वाचून दाखवलं तरी ती मनावर घेणार नाही.

म्हाताऱ्या माणसाचा एकच गुडघा दोन-चार दिवसांत सुजला आणि हाताला गरम लागू लागला, तर ते म्हातारपण समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रात्री कळलं तर सकाळीच. शुगर असेल तर सकाळचीही वाट बघू नका. असं का, ते एका आजीच्या गोष्टीतून सांगतो. गोष्टीतलं घर मी ओळखू येणार नाही असं केलंय, पण दुखणं जसं असतं तसंच ठेवलंय.

आजी बहात्तर वर्षांची. सातारा जिल्ह्यातलं गाव, घरात मुलगा, सून, तिसरीतली नात. शुगर आठ-दहा वर्षांची, बीपीची गोळी सकाळी एक. दोन्ही गुडघे जुनेच दुखरे. उठताना हात टेकायचा, जिना चढताना कठड्याला धरायचं, थंडीत जास्त आखडायचं. हे सगळ्या घराला माहीत होतं, आणि घात इथेच झाला. ज्या बाईचे गुडघे दहा वर्षं दुखतायत, तिचा एक गुडघा परवापासून वेगळा दुखतोय, हे कुणाच्या ध्यानात यावं?

झालं असं. भुईमुगाची टोकणी चालू होती. आजीच्या डाव्या टाचेला भेगा पडलेल्या, त्यातली एक खोल जाऊन तिच्यातून पाणी येत होतं. तिनं त्यावर हळद-तेल दाबलं, चिंधी बांधली आणि चिखलात उभी राहिली. आठवडाभरानं, सोमवारी रात्री डावा गुडघा ठणकू लागला. मंगळवारी सकाळी तो वाकेना. बुधवारी त्याची वाटी दिसेनाशी झाली. अंगात कसकस होती, पण ताप म्हणावा असा चढला नाही, कारण आजीकडे गोळ्या होत्या. गावातल्या मेडिकलमधून “दुखण्याची ती पिवळी” मागितली की कागदाच्या पुडीत मिळायची. एरवी ती दिवसाआड एक घ्यायची, आता दिवसाला तीन घेऊ लागली. गोळीनं ठणका थोडा उतरायचा आणि त्याबरोबर तापही दबायचा.

लपवणं तिला जड गेलं नाही. नऊवारी लुगड्यात गुडघा कुणाला दिसतो? ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि माणसं जागी व्हायच्या आत भिंत धरून ओट्यावर येऊन बसायची. मग दिवसभर तिथंच. शेंगा निवडायला घ्यायची, लसूण सोलायची, म्हणजे बसून राहण्याला कारण मिळायचं. पंगतीला मांडी घालून बसावं लागतं म्हणून दोन दिवस “पोट जड हाय” सांगून ताट ओट्यावर मागवलं. सगळ्यात वाईट गोष्ट तिनं केली ती कुणाला कळलीच नाही. संडासात उकिडवं बसता येईना, म्हणून तिनं पाणी पिणं तोडलं. पाणी कमी म्हणजे फेऱ्या कमी. वर बीपीची गोळी आणि दिवसाला तीन दुखण्याच्या. या तीन गोष्टी म्हाताऱ्या माणसात एकत्र आल्या की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. गुडघा लपवताना ती मूत्रपिंडही पणाला लावत होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

का लपवत होती? विचारलं तेव्हा तिनं एकच कारण सांगितलं, वारी. “कळलं आसतं तर घरातनं हालू दिलं नसतं.” पण ते एकच नव्हतं. शेजारच्या आळीतल्या बाईचा गुडघा बदलला तेव्हा तिच्या पोरानं म्हैस विकली होती, हे आजी दोनदा बोलली. आणि सून अंगणवाडीत जाऊन घर सांभाळते, तिच्यामागं दवाखान्याच्या फेऱ्या लावायच्या नाहीत, हे ती बोललीच नाही. ते सुनेनं मला सांगितलं, डोळे पुसत.

शुक्रवारी सकाळी नातीच्या वेण्या घालायच्या होत्या. रोजची रीत अशी की आजी बाजेच्या कडेला बसायची, नात खाली जमिनीवर आजीच्या दोन गुडघ्यांच्या मधे, हातात आरसा आणि लाल रिबिनी. त्या आठवड्यात आजीनं नवीन पद्धत काढली होती, “उभी ऱ्हा, आता मोठी झालीस.” शुक्रवारी पोर सवयीनं खालीच बसली आणि आरशात बघता बघता तिनं गाल डाव्या गुडघ्याला टेकवला. आजीनं तोंडातून आवाज येऊ दिला नाही, पण हातातली वेणी सुटली.

“आजे, तुजा ह्यो गुडघा इस्त्रीगत लागतोय.”

“गप. उनात बसले व्हते.”

“ऊन कुठाय? कालपास्नं पाऊस हाय की.”

आजीला उत्तर सुचलं नाही. मग तिनं पोरीला जवळ ओढून सांगितलं, आईला यातलं काही बोललीस तर पंढरपुरातून बांगड्या आणायची नाही, बत्तासेबी नाहीत. पोर शाळेत गेली. संध्याकाळीही गप्प राहिली. रात्री ती आजीजवळच झोपायची. आजी कुशीवर वळताना कण्हली तेव्हा पोर जागी झाली आणि तिनं अंधारात एक तळवा आजीच्या एका गुडघ्यावर ठेवला, दुसरा दुसऱ्यावर. मग उठून आईकडे गेली. “आई, आजीच्या एका गुडघ्याला ताप आलाय. दुसऱ्याला न्हाई.”

वैद्यकाच्या पुस्तकातली तपासणी त्या पोरीनं न शिकता केली. दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हे पाहिल्याशिवाय सांध्याबद्दल काही बोलू नये, असं आम्हाला पहिल्या वर्षांत शिकवतात आणि घाईत आम्ही तेच विसरतो.

सुनेनं मोबाईलची बॅटरी लावून लुगडं वर सारलं. कातडी ताणून चकाकत होती. वाटीच्या दोन्ही अंगाला जे खळगे असतात ते भरून गेले होते आणि गुडघ्याच्या वरपर्यंत फुगवटा चढला होता. गुडघा अर्धवट वाकलेला, खाली गोधडीची घडी सरकवलेली. “आत्या, हे कवापास्नं?” “आत्ताच जरा…” उशाखाली गोळ्यांच्या रिकाम्या पुड्या निघाल्या. मुलगा दारात उभा राहून एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, “आसं आसतं तर आई बोलली आसती.” हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. ज्या माणसानं जन्मभर दुखणं सांगितलं नाही, त्याच्या न बोलण्यावर आपण इतका भरवसा कसा टाकतो, कोण जाणे.

शनिवारी सकाळी ती आमच्याकडे आली. ताप काट्यावर जेमतेम ९९. शुगर ३४०. गुडघा पाच अंशही सरळ होईना की वाकेना, आणि स्वतःहून सोडाच, मी हलक्या हातानं हलवला तरी ती ओरडली. झिजेचा गुडघा असा वागत नाही. तो चालताना, चढताना दुखतो आणि टेकून बसलं की बरं वाटतं. पूर्ण विश्रांतीतही ठणकणारा आणि कुठल्याच बाजूला हलू न देणारा सांधा आत काहीतरी पेटल्याचं सांगत असतो. गुडघा अर्धा वाकवून खाली घडी ठेवण्यामागेही कारण आहे. त्या अवस्थेत सांध्याच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा होते, त्यामुळे ताण कमी वाटतो. माणूस नकळत तशी सोय शोधतो, आणि तसाच पडून राहिला तर गुडघा त्याच कोनात आखडतो.

पुढची पायरी सुईची होती. चांगल्या गुडघ्यात वंगणासारखा द्रव जेमतेम चमचाभर असतो, साफ, फिकट पिवळा, तार धरणारा. आजीच्या गुडघ्यातून साठ मिलीलीटर निघाला आणि तो गढूळ होता, ताकाळलेला, तार न धरणारा. त्यातला थोडा पेशी मोजायला आणि थोडा जंतू वाढवून बघायला पाठवला. हे प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी करायचं असतं. आधी औषध गेलं तर जंतू प्रयोगशाळेत उगवत नाहीत आणि मग कुठलं औषध चालेल हे अंदाजानं ठरवावं लागतं. म्हणून घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या अशा वेळी देऊ नका, ही विनंती इथेच करून ठेवतो. नमुना घेतल्यावर मात्र आम्ही अहवालाची वाट बघत बसलो नाही. शिरेतून औषध सुरू केलं आणि १०८ च्या गाडीनं तिला जिल्ह्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडे धाडलं.

निरोगी सांध्याच्या द्रवात घन मिलीमीटरला दोनशेपेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. पन्नास हजारांच्या वर गेल्या की सांध्यात पू झाल्याचा दाट संशय घ्यायचा. आजीच्या नव्वद हजार होत्या. तिसऱ्या दिवशी जंतूचं नावही आलं, स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा जंतू. टाचेच्या भेगेतून तो रक्तात गेला आणि आधीच झिजलेल्या, सुजट गुडघ्यात त्यानं घर केलं. झिजलेल्या सांध्यात जंतू लवकर रुजतो आणि शुगर वाढलेली असली की त्याला अडवणारी फौज मंद असते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की घाई कशासाठी. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पू झाला की त्यातली रसायनं हा थर विरघळवू लागतात आणि ते काम काही दिवसांतच पुढे जातं. विरघळलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही. शिवाय जंतू सांध्यातच राहील याची खात्री नसते. तो रक्तात पसरला की वाचवायचा प्रश्न गुडघ्यापुरता राहत नाही. म्हाताऱ्या माणसांत या आजारानं माणसं दगावतात. “दोन दिवस शेकून बघू” यातले दोन दिवस असे महाग असतात.

आजीचा सांधा भूल देऊन धुतला. दोन आठवडे शिरेतून औषध, मग महिनाभर गोळ्या. मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन १.९ वर गेलं होतं, ते दुखण्याच्या गोळ्या बंद करून आणि सलाईन देऊन हळूहळू उतरलं. आज ती काठी घेऊन चालते. मांडी घालता येत नाही, ती आता येणारही नाही. वारी त्या वर्षी हुकली. सोमवारचा गुडघा मंगळवारी दाखवला असता तर वारी तरीही हुकली असती, हे मी तिला स्पष्ट सांगितलं, पण मांडी बहुधा वाचली असती.

प्रत्येक सुजलेल्या गुडघ्यात पू असतो असा याचा अर्थ नाही. बहुतेकांत नसतोच. झिजलेला गुडघा जास्त चाललं की थोडं पाणी धरतो, तो कोमट लागतो, आराम दिला की उतरतो. वातरक्तात युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात आणि रात्रीतून गुडघा लाल होतो. म्हातारपणी कॅल्शियमच्या स्फटिकांनीही हुबेहूब असंच होतं. अडचण ही की बाहेरून बघून यातला फरक कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, मलाही नाही. वातरक्ताच्या झटक्यात रक्तातलं युरिक आम्ल कधीकधी नॉर्मल येतं, आणि सांध्यात पू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला कित्येकदा ताप नसतो. खरं काय ते आतला द्रव काढून बघितल्यावरच कळतं.

आणि लोक नेमके याच सुईला घाबरतात. “एकदा पाणी काढलं की पुन्हापुन्हा भरतं” हे मी रोज ऐकतो. भरतं हे खरं आहे, पण त्याचा दोष सुईचा नसतो. पाणी ज्या कारणानं झालं ते आत शिल्लक असतं म्हणून ते भरतं. कारणावर इलाज झाला की भरायचं थांबतं. दुसरी भीती गुडघा बदलण्याची. जंतू लागलेल्या गुडघ्यात कुणीही शहाणा डॉक्टर त्या घटकेला कृत्रिम सांधा बसवत नाही. आधी जंतू संपवावे लागतात. त्यामुळे दाखवायला नेलं म्हणजे म्हैस विकावी लागेल, हे आजीच्या डोक्यातून काढा. पैशाचंही सांगतो. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, घरचं उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार कार्डावर ते निघतं. योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण त्यात आहे. आजारी पडण्याआधी काढून ठेवा. ऐनवेळी आधारवरचं वय आणि नावाचं स्पेलिंग जुळवत बसणारे मुलगे मी दवाखान्याच्या खिडकीपाशी पाहिलेत.

आता काम सांगतो, आणि ते आजच करायचं आहे. “गुडघा दुखतो का” असं आजीला विचारू नका, ती “न्हाई” म्हणणार. तिला बाजेवर किंवा पलंगावर पाय लांब करून बसवा, दोन्ही गुडघे मांडीपर्यंत उघडे करा आणि उजेडात पायाच्या बाजूनं बघा. वाटीच्या आतल्या अंगाला एक लहान खळगा असतो. तो एका गुडघ्यात दिसतो आणि दुसऱ्यात भरून गेलाय का, हे बघा. मग हाताची पालथी बाजू आधी नडगीवर ठेवा, मग गुडघ्यावर. चांगला गुडघा नडगीपेक्षा किंचित गार लागतो. तो नडगीइतका किंवा तिच्याहून गरम लागला, तर आत काहीतरी चाललंय. दुसऱ्या गुडघ्यावरही तसंच करा. शेवटी तिला टाच हळूहळू आपल्याकडे ओढायला सांगा आणि तिच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. सासूचं लुगडं गुडघ्यावर न्यायला सुनेला संकोच वाटत असेल तर लेकीला बोलवा, नातीला सांगा. मुलानं दारात उभं राहून चौकशी केल्यानं हे होत नाही.

गुडघा बघून झाला की टाचा आणि बोटांच्या बेचकी बघा. पाणी येणारी भेग, चिघळलेली चिखली, फुटलेलं गळू, काहीही असलं तर त्याच्यावर इलाज करा. त्यानंतर उशाखाली, बटव्यात, देवघराच्या फडताळात गोळ्या शोधा. किती उरल्यात आणि किती दिवसांत संपल्या, हे मोजा. पुड्यांमध्ये नाव नसलेली भुकटी सापडली तर ती फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. “चार दिवसांत गुडघे पळायला लागतात” अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं सूज उतरते, शुगर वर जाते, जंतू वाढतात, आणि ती भुकटी एकदम बंद केली तरी माणूस कोसळू शकतो. एवढं बघून झालं की ती दिवसाला किती तांबे पाणी पिते, हे विचारा. संडासात उकिडवं बसता येत नसेल तर खुर्चीवजा कमोड बसवा. साधा, लोखंडी असला तरी चालतो.

सूज गरम असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत शेकू नका, चोळू नका. हाडवैद्याकडून मालिश करून घेऊ नका आणि गुडघ्यात कुणाकडूनही स्टेरॉइडची सुई टोचून घेऊ नका. ओल्या गार फडक्याची घडी ठेवायला हरकत नाही. पाय टेकवून चालायला लावू नका.

मेडिकलवाल्या भावांनो, तुमच्याकडे एक बोलणं आहे. गावात आजीला पहिलं तुम्ही ओळखता, डॉक्टर नंतर. दिवसाआड एक गोळी नेणारी म्हातारी एकदम आठवड्याची पुडी मागायला आली, किंवा स्वतः न येता नातवाला पाठवू लागली, तर गोळी द्यायच्या आधी घरी फोन लावा. चिठ्ठीशिवाय ती गोळी द्यायचीच नसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दिंडीप्रमुखांनाही विनंती आहे. नावं घेताना दिंडीतल्या सत्तरीपुढच्या प्रत्येकीला एकदा खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवायला सांगा. ज्यांना उठता येत नाही त्यांना वगळा असं मी म्हणत नाही. त्यांना निघण्याआधी तपासून घ्या आणि वाटेत ट्रकमध्ये जागा राखून ठेवा. दिवेघाटात एखादी बाई खाली बसली तर “विठ्ठल विठ्ठल” म्हणून तिला उठवू नका, आधी तिचा गुडघा बघा. पालखीच्या वाटेवर सरकारी वैद्यकीय पथकं असतात, तिथे सुजलेला गुडघा लपवायचं काही कारण नाही. पुढच्या मुक्कामाला तुमच्यामुळे उशीर झाला, असं कुणी तिला बोलून दाखवू नका. लपवायची सवय अशा बोलण्यातूनच लागते.

शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना सांगावंसं वाटतं की पोरांना घरी हे करायला सांगा, दोन्ही गुडघ्यांवर दोन तळवे. आजी मुलाला लपवते, सुनेला लपवते, पण वेणी घालताना, गोष्ट सांगताना, रात्री कुशीत घेताना नातवंडाला लपवू शकत नाही. आणि पोरानं येऊन काही सांगितलं तर “तुला काय कळतं” म्हणून त्याला हाकलू नका.

आज रात्री जेवणं झाली की आजीचे दोन्ही गुडघे शेजारी ठेवून बघा. एक सुजलाय पण गार आहे, चालता येतंय, तर दोन-तीन दिवसांत दाखवा. एक सुजलाय आणि गरम आहे, तर उद्या सकाळी दवाखाना उघडताना तुम्ही दारात असा. गरम गुडघ्याबरोबर शुगर असेल, थंडी वाजत असेल, ताप असेल, ती बरळत असेल किंवा पाय टेकवतच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच १०८ ला फोन करा.